रात्री पावणेदोनला "आपकी बुकिंग तो कल की थी" म्हणणाऱ्यांसाठी

सकाळपासून डोकं तापलंय. काल रात्री आपल्या इंदूरच्या एका हॉटेलात (नाव घेत नाही) लग्नाला आलेले काका-काकू पावणेदोनला पोहोचले. गाडी चार तास लेट. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनवरून मानही वर केली नाही. म्हणाला, "सर, आपकी बुकिंग तो कल की थी. नो-शो हो गई."

अरे बाबा, काल म्हणजे कधी? बुकिंग १४ तारखेचं होतं, १६ ला चेक-आउट. कॅलेंडरवर १५ उजाडली असेल, पण हॉटेलचा दिवस बाराच्या ठोक्याला बदलत नाही, नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशोब, बंद केलं की बदलतो. या पठ्ठ्यानं लवकर मोकळं व्हावं म्हणून एक वाजताच ऑडिट उरकलं. जे आले नव्हते ते सगळे नो-शो, खोली परत विक्रीला. तारीख पुढे सरकली की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मागच्या तारखेचं चेक-इन सरळ घेता येत नाही. मग तो नवं बुकिंग करणार, बिलात नो-शोची एक रात्र आणि वर नव्या बुकिंगचे पैसे, आणि सकाळी काका भांडणार. काकांचं चुकलं कुठे?

ऑडिटला हात लावण्याआधी अरायव्हल लिस्टमध्ये कोण उरलंय ते बघायचं आणि प्रत्येकाला एक फोन लावायचा. "काका, कुठपर्यंत आलात?" इतकंच. येतोय म्हणाले तर ती नोंद रिझर्व्हेशनच्या रिमार्कमध्ये टाकायची आणि ते येईपर्यंत ऑडिट थांबवायचं. आणि इथे तर काकांनीच साडेबाराला देवासहून फोन केला होता! मुलगा जेवायला गेलेला, गार्डनं उचलला, चिठ्ठी लिहिली, ती टेलिफोनखाली सरकली. कॉम्प्युटरला चिठ्ठी वाचता येत नाही.

बरं, मान्य. रात्री काउंटरवर एकटाच मुलगा असतो, पगार बेताचा, आणि "येतोय येतोय" म्हणून न येणारेही असतात. पण फोन तरी लाव ना.

याच्या उलटा प्रकारही होतो. बुकिंगच १५ चं आणि पाहुणा १५ च्या पहाटे दोनला दारात. त्याची खोली खरं तर दुपारी चेक-इनच्या वेळेपासून. तिथे चूक पाहुण्याची आहे, पण ते त्याला उभं ठेवून सांगायचं नसतं. आधी बसवा, मग खोली रिकामी असेल तर आत्तापासूनचे किती पडतील ते एका वाक्यात सांगा.

काकूंकडे परत येतो. त्या पंधरा मिनिटं काउंटरला टेकून उभ्या होत्या. सोफा चार पावलांवर. आधार कार्ड बॅगेच्या तळाशी, चष्मा पर्समध्ये, आणि समोर कोरं रजिस्ट्रेशन कार्ड: पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. रात्री पावणेदोनला! अहो, नाव, फोन, तारखा हे सगळं बुकिंगमध्ये असतंच. अकरा वाजताच कार्ड भरून, की-कार्ड कोड करून पाकिटात ठेवायचं. पाहुणा दारात दिसला की काउंटरबाहेर यायचं, बॅग घ्यायची, "बसा काका, पाणी घ्या. आयडी आणि एक सही, बाकी सकाळी." दोघांचेही आयडी लागतात, ते तिथेच स्कॅन करून हातात परत द्यायचे. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही, हेही गोड बोलून सांगता येतं. पैशांचं मात्र आधीच ठरलेलं असू द्या. बँकेचा सर्व्हर रात्री बसला तर यूपीआयसाठी ताटकळत ठेवू नका.

खोलीचा नंबर मोठ्यानं बोलायचा नाही, पाकिटावर लिहून बोटानं दाखवायचा. विशेषतः बाई एकटी असेल तेव्हा. लॉबीत कोण बसलंय कुणास ठाऊक.

आणि "प्रवास कसा झाला?" हे विचारू नका हो. चार तास लेट झालेल्या माणसाला काय विचारता! त्यापेक्षा "काही खाल्लंत का?" विचारा. किचन बंद असलं तरी दूध, ब्रेड, केळं ठेवता येतं. खायला सराफ्यात जा म्हणून सांगू नका, गुडघे धरून बसलेल्या काकूंना तर नाहीच.

त्या मुलाचाही राग आता तेवढा राहिला नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नसणार. शेवटी खोली मिळाली, सव्वादोनला. काकूंनी नळ सोडला, पाणी गार. बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर, तापायला साधारण वीस मिनिटं. देवासहून फोन आला तेव्हाच कुणी वर जाऊन बटण दाबलं असतं तर? काकूंनी खाली विचारलं, तर उत्तर आलं, "मैडम, स्विच बाहर है." त्या तशाच झोपल्या.