स्ट्राइक गेला, तरी रीच का येत नाही?

«सर, तुमचा लेख वाचून आमच्या नाशिकच्या पेजसाठी अपील केलं. रील परत आली, स्ट्राइकही गेला. पण रीच अजून मेलेलाच आहे. मग अपील करा म्हणणं म्हणजे लोकांना उगाच कामाला लावणं नाही का? त्यापेक्षा नोटीस आलेली पोस्ट सरळ डिलीट करून मोकळं व्हावं.»

दादा, तुम्ही मेलवर पाठवलेले स्क्रीनशॉट नीट पाहिले. अपील तुम्ही जिंकलात, पण ते एकाच नोटिशीवरचं होतं. तुमच्या पेजवर दोन वेगळ्या नोटिसा आहेत आणि दुसरीला तुम्ही हातच लावलेला नाही.

इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये `Account Status` उघडलं की काढून टाकलेल्या पोस्टचा भाग वेगळा दिसतो आणि शिफारशीला अपात्र ठरलेल्या पोस्टचा वेगळा. पहिला भाग नियमभंगाचा, म्हणजे स्ट्राइकचा. पुरात रामकुंडाजवळ उड्या मारणाऱ्या पोरांची तुमची रील तिथे होती. ‘असं करू नका’ हे तुम्ही त्यात बोलून सांगितलंय, त्यामुळे फेरतपासणीत ती परत आली. तिथे अपील हाच मार्ग होता.

दुसऱ्या भागातल्या पोस्ट कुणी काढलेल्या नाहीत. त्या पेजवर दिसतात, फॉलोअर्सनाही दिसतात. फक्त अनोळखी माणसाच्या एक्सप्लोअरमध्ये किंवा रील्समध्ये त्या सुचवल्या जात नाहीत. शिफारशीचे निकष कम्युनिटी गाइडलाइन्सपेक्षा कडक आहेत, म्हणून स्ट्राइक नसतानाही पोस्ट तिथे अडकते. आणि अशा पोस्ट वारंवार टाकल्या तर सगळं अकाउंटच शिफारशीतून बाहेर जातं. तुमच्या तिसऱ्या स्क्रीनशॉटवर, अगदी खाली, नेमकं तेच लिहिलंय.

हेच कारण आहे का, याचा पडताळा तुमच्या हातात आहे. `Insights` मध्ये जुन्या आणि नव्या रीलचे आकडे शेजारी ठेवा. फॉलोअर्सकडून येणारे व्ह्यूज जवळपास तेवढेच आणि फॉलोअर नसलेल्यांचे एकदम खाली, असं असेल तर शिफारस बंद आहे. दोन्ही सारखेच घसरले असतील, तर दोष नोटिशीचा नाही. लोकांना रीलच आवडत नाहीये. तुमच्या आकड्यांत घसरण जवळपास सगळी फॉलोअर नसलेल्यांची आहे.

आता त्या भागातल्या तुमच्या दोन पोस्ट. एक मिसळीच्या कुपनची: तीन मित्रांना टॅग करा, शेअर करा, लकी ड्रॉ. स्पर्धा आणि गिव्हअवेच्या पोस्ट शिफारशीच्या निकषांत बसत नाहीत. तुमचा ड्रॉ तर होऊन गेलाय, मग ती ठेवायची कशाला? डिलीट करा. दुसरी कारल्याच्या रसाची, ‘आठ दिवसांत शुगर खाली’. आरोग्याबद्दलचे अतिरंजित दावे शिफारशीत चालत नाहीत, आणि खरं सांगायचं तर चालूही नयेत. कॅप्शन बदलून इथे भागणार नाही, कारण दावा आवाजात आहे आणि टाकलेल्या रीलचा आवाज बदलता येत नाही. तीही काढा. या दोन्हींवर अपील करू नका. निर्णय निकषाला धरून आहे, तो फिरणार नाही.

म्हणजे तुमचा डिलीटचा सल्ला या दुसऱ्या भागापुरता बरोबर आहे. पोस्ट काढली किंवा सुधारली की तिची अडचण मिटते. स्ट्राइकला तो लावू नका. यूट्यूबवर तर स्ट्राइक आलेला व्हिडिओ डिलीट केला तरी स्ट्राइक जात नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. तिथे अपील करायचं तर व्हिडिओ राहू द्या.

दोन्ही पोस्ट काढल्यावर पुन्हा `Account Status` पाहा. अकाउंट अजून अपात्र दिसलं, तर तिथूनच अकाउंटची फेरतपासणी मागा. आधी नाही, कारण असलेल्या पोस्ट तशाच ठेवून मागितलेली तपासणी फुकट जाते. अकाउंट पात्र ठरलं तरी जुन्या रील्स उसळी मारतील असं समजू नका. फरक दिसलाच तर नव्या रील्सवर, तोही हळूहळू.

तुमचं अपील मान्य झालं म्हणून पुढची पायरी लागली नाही, पण इतर वाचकांसाठी लिहितो. काढलेल्या पोस्टवरची फेरतपासणी फेटाळली गेली आणि निरोपात संदर्भ क्रमांक आला, तर मेटाच्या ओव्हरसाइट बोर्डाकडे १५ दिवसांत जाता येतं. बोर्ड मोजकीच प्रकरणं घेतं. भारतात त्याखेरीज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्याचं उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही. तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर आणि नोटिशीचा तारखेसकट स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा. नोटीस नंतर ॲपमध्ये सापडेलच असं नाही.