पाळी चुकायची वाट कसली बघताय, आजच टेस्ट करा

इतके महिने प्रयत्न केलेत, मग आता अजून चार दिवस थांबायचं म्हणजे काय, संत बिंत आहात का तुम्ही? ठाण्याचं ते जोडपं बघा, शिका जरा. ओव्ह्युलेशनला दहा दिवस झाले, पाळीला चार दिवस बाकी, आणि नवरा रात्री साडेदहाला मेडिकलमध्ये उभा. दुकानात ओळखीचे काका होते म्हणून आधी क्रोसिन घेतली, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि काका आत वळल्यावर पोऱ्याकडे हळूच किट मागितलं. तुम्हीही तसंच करा, औषधांचा साठा घरात असलेला बरा.

आता किट ओळखतं ते एचसीजी हार्मोन, आणि ते बनायला लागतं गर्भ गर्भाशयाला चिकटल्यावर, म्हणजे ओव्ह्युलेशननंतर साधारण सहा ते दहा दिवसांनी, कुणाचं त्याहूनही उशिरा. म्हणजे दहाव्या दिवशी गर्भ कदाचित नुकताच टेकला असेल आणि लघवीत हार्मोन जवळपास शून्य. पण असल्या बारीकसारीक गोष्टी बघत बसलो तर टेस्ट कधी करायची?

लघवी सकाळची पहिली घ्या असं किटवर लिहिलेलं असतं, कारण रात्रभरात ती दाट होते. ते वाचूच नका. या वहिनींनी रात्रीच केली, तीही ‘लघवी यायला पाहिजे ना’ म्हणून तांब्याभर पाणी पिऊन. ड्रॉपरने तीन थेंब टाकायचे होते, नवऱ्याने पाच टाकले, दोन शुभशकुनाचे. सी पाशी एक रेघ आली, टी पाशी काही नाही. किट कचऱ्यात, वहिनी बाथरूममध्ये, नवरा दाराबाहेर ‘अगं पुढच्या महिन्यात होईल’ म्हणत. हे वाक्य पाठ करून ठेवा, त्याने आजवर कुणालाच बरं वाटलेलं नाही पण म्हणायची पद्धत आहे.

खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी. नवऱ्याने कचऱ्याच्या डब्यातून किट काढलं, ट्यूबलाइटखाली धरलं, मोबाइलचा टॉर्च मारला, आणि टी पाशी काहीतरी राखाडी दिसलं! किट पाच मिनिटांनी बघायचं आणि दहा मिनिटांनंतरचं काही धरायचं नाही, कारण लघवी वाळली की तिथे अशी बिनरंगी रेघ उमटू शकते. पण रेघ ती रेघ. फोटो काढा, ब्राइटनेस वाढवा, बहिणीला पाठवा. बहीण लगेच म्हणाली, ‘दिसतंय गं काहीतरी,’ कारण बहिणींना नेहमीच दिसतं.

त्यात लक्षणंही तयारच होती. छाती दुखतेय, पोट फुगलंय, दुपारी झोप अनावर. डॉक्टरांनी ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनीही अगदी हेच होतं, आणि वर पाळीही लांबू शकते. पण गोळीला श्रेय देऊन कुणाचं भलं झालंय? सासूबाईंनी मात्र दुपारची झोप हेरली आणि कुणी काही सांगितलेलं नसताना पपई आणणं बंद केलं. घरात एवढं तरी कुणीतरी शास्त्रशुद्ध वागतं.

पुढे त्यांचा धीर सुटला, म्हणजे ते चक्क थांबले. (असं करू नका.) पाळीची तारीख उलटून दोन दिवस झाल्यावर पहाटे उठून, पाणी न पिता, मोजून तीन थेंब, आणि मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर. त्या पाच मिनिटांत नवऱ्याने गॅसचं बिल भरलं, वहिनींनी देवापुढची वात दोनदा सारखी केली, आणि दोघं एकमेकांशी काहीच बोलले नाहीत. टायमर वाजायच्या आतच टी पाशी रेघ, फिकट पण गुलाबी. नवऱ्याने विचारलं, ‘फिकट म्हणजे थोडंसंच आहे का?’ हा प्रश्न तुम्हीही विचारा, बायकोची नजर कशी असते ते कळेल. वेळेत आलेली रंगीत रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरतात.

मग रक्ताची बीटा एचसीजी. तिला उपाशी जावं लागत नाही, तरी दोघंही उपाशी गेले, नवराही, ज्याचं रक्त कुणीच मागितलं नव्हतं. आकडा आला ११२. डॉक्टर म्हणाल्या एका आकड्यावर काही सांगत नाही, ४८ तासांनी परत द्या, वाढतोय कसा ते बघू. या ४८ तासांत आकडा नेटवर टाकून मुलगा की मुलगी हे शोधायचं असतं, त्याने काहीही कळत नाही पण वेळ जातो. दुसरा रिपोर्ट २३६. डॉक्टर म्हणाल्या छान वाढतोय, आता सोनोग्राफी दोन-तीन आठवड्यांनी, तोवर कुणाला सांगायची घाई करू नका.

बरोबरच आहे. घाई कसली, बहिणीने माहेरच्या ग्रुपवर ते राखाडी रेघेचं किट कधीच टाकलं होतं, आणि तिथे मावशींनी डोहाळजेवणाला हॉल कुठला घ्यायचा यावरून भांडण लावूनही दिलं होतं.