पाच मे 2000 ला जन्मलेली पोर

चौथं स्थळ परत गेलं. पोहे झाले, चहा झाला, पोरगी पसंत पडली, आणि आठ दिवसांनी फोन आला, "भाऊ, पोरगी आमाले पसंत हाय, पन महाराज म्हन्ते कालसर्प हाय. उद्या काही झालं तं कोनाले बोलू?" ही माझी पुतणी. बीएस्सी नर्सिंग झालेली आहे, यवतमाळात नोकरी करते. मी दारव्हा तालुक्यात शेती करतो आणि आजोबांकडून पंचांग शिकलेलो असल्यामुळे आजूबाजूच्या गावांतल्या पत्रिकाही बघतो. तेव्हा हे मलाच लिहायला पाहिजे.

तिचा जन्म 5 मे 2000 चा, सकाळी सव्वाअकराचा. कर्क लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास कर्क. राहू पहिल्या घरात, केतू सातव्यात. सूर्य, बुध, शुक्र, गुरू, शनी हे पाच मेषेत, चंद्र-मंगळ वृषभेत. सातही ग्रह मकरेतल्या केतूपासून कर्केतल्या राहूपर्यंतच्या अर्ध्या चक्रात आले, पलीकडचं अर्धं रिकामं. याला म्हणतात कालसर्प, आणि राहू लग्नी असल्यामुळे प्रकार "अनंत". सप्तम म्हणजे लग्नाचं घर, तिथं केतू, म्हणून लग्नाला उशीर, मोडतं, नांदत नाही, असं सांगतात.

आता कॅलेंडर हातात घ्या. राहू-केतू एका राशीत साधारण दीड वर्ष राहतात. गुरू साधारण एक वर्ष राहतो, आणि शनी तर आणखी सावकाश सरकतो, अडीच वर्षं. मार्च ते जून 2000 या चार महिन्यांत चंद्र सोडून सगळे ग्रह त्याच अर्ध्यात होते. चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत पूर्ण फेरी मारतो, म्हणजे दर फेरीतले निम्मे दिवस तोही त्याच अर्ध्यात असतो. त्या दिवसांत जगात कुठंही जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या पत्रिकेत कालसर्प निघतो. आणि लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, त्यामुळे एकाच दिवशी अनंत, कुलिक, वासुकी, शंखपाल असे बाराही प्रकार तयार होतात. पहाटे जन्मली असती तर नाव वेगळं, भीती वेगळी.

आमच्याच गावात, वरच्या आळीत, 7 मे 2000 ला जन्मलेला पोरगा आहे. त्याची पत्रिका कुणी काढलीच नव्हती, मी मुद्दाम मांडून बघितली. चंद्र त्याच अर्ध्यात, तोच कालसर्प. मागच्या साली त्याचं लग्न झालं. पोराचा फक्त पगार विचारला गेला, बाकी काही नाही.

शास्त्राचं नाव घेणाऱ्यांना एक विचारतो. बृहत्पाराशर होराशास्त्रात किंवा वराहमिहिराच्या बृहत्जातकात कालसर्प नावाचा योग दाखवा. तिथं सर्पयोग आहे, पण तो केंद्रांत पापग्रह बसल्यानं होतो, राहू-केतूच्या मधल्या ग्रहांनी नाही. लग्नाचा विचार सप्तम, सप्तमेश म्हणजे सातव्या घराचा स्वामी, शुक्र आणि नवमांश यांवरून करायचा असतो. तिच्या पत्रिकेत सप्तमेश शनी, मेषेत नीच म्हणजे दुबळा, आणि सूर्याजवळ. परंपरेप्रमाणे उशीर म्हणायचाच असेल तर यावरून म्हणा, पण शनीचं नीचत्व भंग होतं का हेही बघा. कारण त्याच मेषेत सूर्य उच्चीचा आहे. एवढं बघायला वेळ लागतो. कालसर्प सांगायला अर्धं मिनिट पुरतं. आणि सांगणाऱ्यानं अंश बघितले का, हेही विचारा. राहूच्याच घरात एखादा ग्रह असेल तर तो अंशांनी राहूच्या पलीकडे गेलेला असू शकतो. मग योगच होत नाही, पण नुसती घरं बघून तो ठोकून देतात.

सगळ्यात जास्त दुखतं ते पुढं. दुसरं स्थळ मोडल्यावर कुणीतरी शांती सांगितली. भावानं सोयाबीनचे आठ क्विंटल ज्या भावात गेले त्या भावात विकले, बडनेऱ्याहून गाडी धरली आणि त्र्यंबकेश्वरला पूजा करून आला. चांदीच्या नागाची जोडी वाहिली. मी विरोध केला होता, पण पोरीच्या बापाला किती बोलणार! पूजेनं पत्रिका बदलत नाही. पुढच्या पाहुण्यांना वहिनीनं विश्वासानं सांगितलं, "शांती केली आहे." ते एकमेकांकडं बघायला लागले. शांती केली म्हणजे दोष होताच, हे त्यांनी त्यातून घेतलं. ते तिसरं स्थळ.

उशीर झाला तो कशानं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या स्थळाला तिनं स्वतः नकार दिला, कारण त्यांना तिची नोकरी नको होती. उरलेली तीन पत्रिकेनं अडवली. ग्रहांनी अडवलेलं एकही नाही.

रविवारी पुसदकडून पाहुणे येताहेत. त्यांनी व्हॉट्सॲपवर पत्रिका मागितली आहे. मी तिची आणि त्या वरच्या आळीतल्या पोराची, दोन्ही कुंडल्या एका कागदावर शेजारी-शेजारी मांडून ठेवल्या आहेत. पोराच्या बापाला विचारूनच. ते म्हणाले, "दाखव गा, लपवाचं काय त्याच्यात?"