तापातला झटका म्हणजे मिरगी नव्हे

«लहान लेकराला तापात झटका आला म्हणजे ती मिरगीच. ताप डोक्यात चढला की असं होतं. दातखीळ बसली तर चमचा घाला, कांदा फोडून हुंगवा. दुसऱ्या दिवशी मेंदूचा पट्टा आणि एमआरआय काढा, तीन वर्षं गोळ्या चालू ठेवा, नाहीतर मूल मतिमंद होतं. प्रत्येक आईबापापर्यंत पोचवा.»

परभणी जिल्ह्यात लहान मुलांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे हा मजकूर महिन्यातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर समोर येतो. मागच्या पावसाळ्यात रात्री दहाला एक जीप दारात थांबली. सोळा महिन्यांचा मुलगा, वजन दहा किलो. दुपारपासून अंग गरम होतं, पण खेळत होता. साडेआठला डोळे वर फिरले, अंग ताठ झालं, ओठ निळे पडले आणि हातपाय झटके देऊ लागले. आजी सांगत होती, «अर्धा घंटा लेकरू हातचं गेलतं, साहेब.» काकाने घाबरत का होईना, मोबाईलवर चित्रण केलं होतं. ते पाहिलं तर झटके दोन मिनिटांच्या आतच थांबले होते. पुढचा वेळ मूल फक्त गाढ झोपेत होतं. माझ्यासमोर आलं तेव्हा ते आईच्या कडेवर रडत होतं आणि माझ्या हातातला टॉर्च ढकलत होतं. जखमी कोण होतं, तर बाप. दातखीळ सोडवायला त्याने तोंडात बोट घातलं होतं.

आता मिरगीचं. मिरगी म्हणायला झटका विनाकारण यावा लागतो, आणि बहुतेक वेळा असे किमान दोन झटके एका दिवसापेक्षा जास्त अंतराने आलेले असावे लागतात. इथे कारण समोर आहे, ते म्हणजे ताप. सहा महिने ते पाच वर्षं या वयात मेंदू अजून घडत असतो आणि काही मुलांचा मेंदू तापाला असा प्रतिसाद देतो. शंभरात दोन ते पाच मुलांना कधी ना कधी हे होतं, आणि घराण्यात कुणाला लहानपणी झालेलं असेल तर शक्यता वाढते. त्या मुलाच्या बापालाही लहानपणी दोनदा झालं होतं. ही गोष्ट आजीला तपासणी होईपर्यंत आठवली नाही, आणि बापाला तर कुणी सांगितलीच नव्हती.

पुढे मिरगी होण्याची भीती किती धरायची? एरवी शंभर मुलांत साधारण एकाला मिरगी होते. तापातला साधा झटका येऊन गेलेल्या मुलांत हे प्रमाण एक ते दोनच्या आसपास असतं. साधा म्हणजे पूर्ण अंगाला आलेला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेला आणि त्याच चोवीस तासांत परत न आलेला. झटका शरीराच्या एकाच बाजूला आला, लांबला, एका दिवसात दोनदा आला, मुलाची वाढ आधीपासून मागे असली किंवा आईबाप-भावंडांत कुणाला मिरगी असली, तर हा आकडा वाढतो आणि मग मीही सावध होतो. मतिमंद होण्याची धमकी मात्र निव्वळ धमकी आहे. साध्या झटक्याने बुद्धीला इजा होत नाही.

चमचा आणि कांदा यांची ख्याती एका साध्या गोष्टीवर उभी आहे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून, फोडून नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. चपलेचंही तसंच. चमच्याने दात तुटतात आणि तुटका दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जात नाही. मुलाला खाली सपाट जागी कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. मग घड्याळ पाहा. तोंडात पाणी, औषध, काहीही नको, आणि हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटं होऊनही थांबत नसेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. अशा वेळेसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. बाटलीगणिक त्याची ताकद वेगळी असते, म्हणून किती फवारे ते वजन पाहून डॉक्टरकडून लिहून घ्यावं.

तापाबद्दल जे लिहिलंय ते अर्धवट खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना पटतं. झटका ताप किती चढला यावरच ठरत नाही. कित्येकदा ताप आहे हे घरच्यांना झटक्यानंतरच कळतं. पॅरासिटामॉल द्यावं, पण मुलाला बरं वाटावं म्हणून. तापात ते नेमाने दिल्याने पुढच्या आजारपणातले झटके टळतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दर अर्ध्या तासाला ताप मोजत रात्र काढणाऱ्या आयांना हे मी आवर्जून सांगतो, त्यांच्या हातून काही चुकलेलं नसतं. डोस मात्र नीट बघा. किलोला पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोला दीडशे. पाच मिलीत अडीचशेवाल्या बाटलीतून तीन मिली आणि एकशेवीसवाल्यातून सव्वासहा. दोन्ही बाटल्या घरात असल्या की इथेच गोंधळ होतो.

पट्टा, म्हणजे ईईजी. साध्या झटक्यानंतर तो काढून काही ठरत नाही. त्यात चारदोन वाकड्या रेघा दिसल्या तरी पुढे मिरगी होईल की नाही ते त्यावरून सांगता येत नाही, पण त्या रेघांमुळे गोळ्या मात्र सुरू होतात. फेनोबार्बिटोनने मूल चिडचिडं आणि चंचल होतं. व्हॅल्प्रोएटने दोन वर्षांखालच्या मुलांच्या यकृताला गंभीर धोका असतो. दर तीन मुलांत साधारण एकाला तापात पुन्हा झटका येतो, पहिला झटका वर्षाच्या आत आला असेल तर निम्म्यांना. पण तेवढ्यासाठी तीन वर्षं रोज गोळी देणं हा महागडा सौदा आहे. वारंवार झटके येणाऱ्या काही मुलांना तापाचे दोन-तीन दिवसच क्लोबाझाम देतात, आणि तोही निर्णय मूल पाहून घ्यायचा असतो.

खरी काळजी कशाची, ते त्या मजकुरात कुठेच नाही. तापासोबत झटका येण्यामागे मेंदूज्वरही असू शकतो. झटक्यानंतर तासाभरात मूल नेहमीसारखं जागं झालं नाही, मान ताठ वाटली, टाळू फुगली, उलट्या थांबेनात, मूल सहा महिन्यांहून लहान असलं, तर वाट पाहायची नाही. मूल वर्षाच्या आतलं असून लसी अर्धवट असतील तर पाठीतलं पाणी तपासावं का, हा विचारही तेव्हाच व्हायला हवा. आमच्याकडे अजून एक अडचण असते. गावात आधीच अँटिबायोटिकची दोन इंजेक्शनं झालेली असतात, त्यामुळे मेंदूज्वराच्या खुणा झाकल्या जातात. म्हणून कुठली औषधं झाली त्याची चिठ्ठी, नसेल तर रिकामी बाटली, सोबत आणा. आणि पहिला झटका कितीही लवकर थांबला तरी मूल त्याच दिवशी दाखवा.

त्या सोळा महिन्यांच्या मुलाची साखर पाहिली, ती ठीक होती. मान मऊ होती, घसा थोडा लाल. रात्रभर ठेवून घेतलं आणि ना पट्टा काढला ना एमआरआय. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि छाती-पोटावर बारीक गुलाबी पुरळ उठलं. आजी म्हणाली गोवर. पण गोवरात पुरळ ताप चढलेला असताना उठतं आणि डोळे-नाक गळत असतात. इथे ताप गेल्यावर उठलं होतं. हा रोझिओला, या वयात तापाच्या झटक्यामागे नेहमी सापडणारा विषाणूचा आजार. पुरळ दोन दिवसांत गेलं.

जानेवारीत त्याला सर्दीच्या तापात पुन्हा झटका आला. बापाने यावेळी त्याला सतरंजीवर कुशीवर ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. «दोन मिनिटं दहा सेकंद,» आत येताच त्याने सांगितलं. बोटं शाबूत होती.