ओठ आणि बोटं एकदम बधिर

"बाबांच्या उजव्या ओठाचा कोपरा आणि उजव्या हाताची बोटं एकदमच बधिर झालीत. मानेची नस असेल का?"

मानेची नस दबली तर बोटं बधिर होतील, ओठ नाही; चेहऱ्याची नस वेगळी. पण उजव्या बाजूच्या संवेदना मेंदूच्या आत खोलवर असलेल्या डाव्या थॅलॅमसमध्ये पोचतात आणि तिथे ओठ आणि बोटांच्या जागा अगदी शेजारी आहेत. पुढे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या, संवेदना ओळखणाऱ्या सेन्सरी कॉर्टेक्सच्या नकाशातही हाताला लागून चेहराच येतो. त्यामुळे तिथली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली तरी दोन्ही एकदम बधिर होतात, म्हणजे हा स्ट्रोक असू शकतो. हातातली ताकद शाबूत राहू शकते, म्हणूनच लोक फसतात! इजा नेमकी कुठे ते एमआरआयमध्ये कळतं, सीटीत एवढासा डाग सुटू शकतो. उद्या म्हापशाला ओपीडीत दाखवू म्हणून थांबू नका, आत्ताच १०८ बोलावून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्या.