थंबनेल म्हणजे आमिषच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

“सर, चांगलं शिकवणाऱ्याला यूट्यूबवरच्या व्हिडिओचं थंबनेल सजवायची गरजच काय? आमच्या लातुरात शिकवण्यांच्या फ्लेक्सनी आधीच वीट आणलाय. तुम्ही तेच मोबाईलवर करायला सांगताय. शेवटी आमिषच ना?”

सर, फ्लेक्सबद्दल तुमचं-माझं एकमत आहे. टॉपरांचे फोटो आणि टक्केच असतात, शिकवतात काय याचा पत्ता नाही. म्हणून तर मी म्हणतो, थंबनेलवर चेहरा नको, गणित हवं.

दहावीचं x² + 8x − 48 = 0 घ्या, पूर्ण वर्ग पद्धतीनं. “वर्गसमीकरण ५ मिनिटांत, पैकीच्या पैकी!!” असं शीर्षक दिलं की पोरं येतात, आणि तासाभराचं लेक्चर दिसलं की पळतात.

त्यापेक्षा पोरं अडतात कुठं ते बघा. (x + 4)² = 64 इथपर्यंत बरेच जण नीट येतात. पुढं वर्गमूळ काढताना x + 4 = 8 एवढंच लिहितात, x = 4 आलं की वही मिटतात. −8 राहूनच जातो आणि −12 हे दुसरं मूळ हातचं जातं. माझं थंबनेल तिथंच थांबतं: वहीच्या पानावर (x + 4)² = 64, खाली x = 4, शेजारी लाल पेनानं “दुसरं मूळ?” उजवा खालचा कोपरा मोकळा, कारण तिथं व्हिडिओची वेळ येऊन बसते. शीर्षक: “दुसरं मूळ का सुटतं? पूर्ण वर्ग पद्धत, दहावी बीजगणित”. मोबाईलवर लांब शीर्षकाची शेपूट कापली जाते, म्हणून प्रश्न आधी. आणि व्हिडिओ उघडताच तेच पान दिसलं पाहिजे. संगीत नको, “नमस्कार मित्रांनो” नंतर.

खुणावणं आहेच हो यात. पण जे दाखवलं ते आत मिळतं की नाही, हे तपासता येतं. यूट्यूब स्टुडिओत क्लिकचं प्रमाण आणि प्रेक्षक टिकल्याचा आलेख शेजारी ठेवून बघा. क्लिक भरपूर आणि पहिल्या ३० सेकंदांत आलेख धाडकन खाली, तर बहुधा बाहेर एक आणि आत दुसरंच आहे. नुसत्या क्लिकच्या टक्क्यांवर मात्र जाऊ नका. व्हिडिओ अनोळखी लोकांपुढं जायला लागला की तो टक्का आपसूक घसरतो, आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या लिंकवरून आलेली पोरं त्यात धरलीच जात नाहीत. यूट्यूबवर थंबनेलांची तुलना करायची सोय आहे, तिथंही निकाल लागतो तो पाहिलेल्या वेळेवर, क्लिकवर नाही. लहान चॅनलवर प्रेक्षकच कमी, त्यामुळे बऱ्याचदा निकाल स्पष्ट लागत नाही, एवढं धरून चाला.

आता तुमच्या चॅनलचं. “बीजगणित भाग ७” यात खोटं काही नाही, पण आत काय आहे हे परीक्षेच्या आदल्या रात्री शोधणाऱ्या पोराला कळणार कसं? जुन्या व्हिडिओचं शीर्षकही बदलता येतं. भाग ७ पासून सुरुवात करा.