क्लच, ब्रेक आणि एकच डबा: सिडकोच्या वाचकांना उत्तर

ब्रेक आणि क्लच दोघांचं ऑईल एकाच डब्यातून जातं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

*प्रतिक्रिया:* «क्लच ऑईलवरचा लेख वाचला. उगाच घाबरवता. डबा एकच असेल तर क्लच लीक झाल्यावर ब्रेकही जायला हवेत, कंपनी असं कशाला करेल? माझी मॅन्युअल गाडी जुनी आहे, लेव्हल उतरली की गॅरेजवाला भर घालतो. गेल्या आठवड्यात ब्रेक ऑईल नव्हतं म्हणून पॉवर स्टीअरिंगचं टाकलं, काही झालं नाही. आता सगळं काढून डॉट ५ टाकणार आहे. ४ पेक्षा ५ चांगलंच असणार.» – एक वाचक, सिडको, नाशिक

दादा, बाकीचं नंतर बोलू. आधी गाडी उभी करा आणि मी सांगतो ती तपासणी होईपर्यंत चालवू नका.

ब्रेक-क्लचच्या सिलिंडरमधलं रबर ईपीडीएम जातीचं असतं. ग्लायकॉलपासून बनलेल्या ब्रेक ऑईलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं. स्टीअरिंगचं ऑईल सहसा खनिज तेलाचंच असतं. पेडल सोडल्यावर ऑईल डब्यात परत जावं म्हणून पेडलच्या जोराने ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. फुगलेला रबरी वायसर ते भोक झाकतो, दाब सुटत नाही आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतात. चाकं तापतात, गाडी ओढल्यासारखी चालते. आठवडाभरात काही झालं नाही यावर भरवसा ठेवू नका, फुगणं हळूहळू वाढत जातं.

डब्याचं झाकण उघडा आणि त्याच्या आतलं काळं रबर बघा. ते लांबट, लिबलिबीत झालं असेल, त्याला वळ्या पडल्या असतील, खाचेत परत नीट बसत नसेल, तर तेल रबरात शिरलंय. मग ड्रॉपरने डब्यातलं थोडं ऑईल काढून ग्लासभर पाण्यात सोडा आणि ढवळा. ब्रेक ऑईल पाण्यात पूर्ण विरघळतं. वर तेलाचा थर तरंगला तर गाडी टो करूनच गॅरेजला न्या. अशा वेळी नुसतं नवं ऑईल फिरवून भागत नाही. मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, चारही चाकांकडची रबरं, होज पाइप आणि झाकणाचं रबर, सगळं बदलावं लागतं. एबीएस असेल तर त्याच्या युनिटचाही प्रश्न येतो. खर्च मोठा आहे, पण यात मधला मार्ग नाही.

आता डब्याकडे. बॉनेट उघडून त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याची बाजू नीट बघा. खालून तो ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर बसलेला दिसेल, आणि कडेच्या नळीवरून एक बारीक काळा पाइप क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे जाताना दिसेल. ती कडेची नळी तळाशी नसते, वर असते. क्लचकडे गळती झाली की ऑईल त्या नळीपर्यंतच उतरतं. तिथून पुढे क्लच हवा ओढायला लागतो, पण ब्रेकच्या वाट्याचं ऑईल खाली शिल्लक राहतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या नळीच्या उंचीत आहे.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही लागू होतो, आणि मला खरी काळजी त्याची आहे. गळती ब्रेकच्या बाजूला असली तरी लेव्हल उतरताना आधी क्लचची नळी उघडी पडते. म्हणजे क्लच मऊ लागला तरी दोष ब्रेकमध्ये असू शकतो. त्यात नुसती भर घातली की क्लच सुधारतो आणि ब्रेकची गळती तशीच राहते.

माझ्या गाडीचं सांगतो. ऑगस्टमध्ये त्र्यंबकहून परत येत होतो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला पहिला गिअर पडेना, रिव्हर्स टाकला तर खरखर. पेडल निम्मं दाबेपर्यंत पायाला काहीच लागत नव्हतं. घाटात चढणीवर हँडब्रेकचा लाल दिवा दोनदा लुकलुकला होता, मी हँडब्रेक अर्धवट राहिला असेल समजून तो ओढून सोडला होता. खरं तर डब्यातला तरंगणारा स्विच लेव्हल कमी झाल्याचं सांगत होता. गाडी तिरकी झाली की तो आधी खाली टेकतो. एका गॅरेजने तीन आठवड्यांपूर्वीच डबा वरच्या रेघेपर्यंत भरून दिला होता.

लेव्हल पॅड झिजल्यानेही उतरते, म्हणून मी आधी तो हिशेब केला. माझ्या पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंमी. दोन्ही पॅड ८-८ मिमी झिजले तर पिस्टन १६ मिमी बाहेर येतो आणि त्याच्यामागे सुमारे ३७ मिली ऑईल जातं. दोन चाकांचं मिळून ७३-७४ मिली. पण हे पॅडच्या सगळ्या आयुष्यात, हजारो किलोमीटरांत होतं, तीन आठवड्यांत नाही. क्लचप्लेट झिजल्याने तर लेव्हल उतरतच नाही; साध्या हायड्रॉलिक क्लचमध्ये बेअरिंग मागे सरकतं आणि थोडं ऑईल डब्याकडे परतच येतं. म्हणजे गळती होती, हे नक्की झालं.

चारही चाकांच्या आतल्या बाजू, होज आणि जोड कोरडे होते. गाडीत पेडलच्या वर हात घालून पाहिलं, मास्टरचा दांडाही कोरडा. मग गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी नखाने उचलली आणि काळं पाणीदार ऑईल थेट बोटावर आलं. आत वायसर घासून गेला होता, सिलिंडरला गंजाची रेघ होती. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. चार चाकांचं ऑईल वेळेवर बदललं होतं, पण क्लचची लाईन दर वेळी तशीच राहिली. तिचा ऑईल काढायचा निपल वेगळा आहे, तो मुद्दाम उघडावा लागतो.

स्लेव्ह बदलून एअर काढली. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडून बंद करतो, आणि पेडल सोडायचं ते निपल बंद झाल्यावरच. क्लचचं पेडल अशा वेळी खालीच पडून राहतं, ते हाताने वर ओढावं लागतं. डब्यातली लेव्हल कडेच्या नळीच्या खाली जाऊ दिली की सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. पारदर्शक पाइपमधून आधी काळं आलं, मग मधासारखं, तेव्हा थांबलो. ज्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असतो, तिथे टोपी उचलून बघता येत नाही. जोडाखालून ओघळ येतो आणि गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तुमच्या गाडीला क्लच केबल असेल तर मात्र लेव्हल उतरण्याचा क्लचशी संबंधच नाही, थेट ब्रेक तपासा.

आता डॉट ५. तो आकडा चढती पायरी नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलचे, डॉट ५ सिलिकॉनचं. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, पाणी शोषत नाही. त्यामुळे आत शिरलेलं पाणी तळाशी एका जागी साचतं आणि तिथेच गंज धरतो. त्यात हवेचे बुडबुडेही अडकून राहतात, पेडल स्पंजसारखं लागतं. एबीएसच्या गाडीत ते टाकूच नका.

झाकणावर लिहिलेलं ऑईल टाका. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ साधारणपणे चालतं. त्याचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५ अंश असतो, डॉट ३ चा २०५ आणि १४०. डॉट ४ च्या जागी डॉट ३ मात्र घालू नका. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या आत जातं ते गिअर ऑईल वेगळं, त्याचा या डब्याशी काही संबंध नाही. बाटली सीलबंद घ्या आणि पावसाळ्यात उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू नका.

पण हे सगळं पाण्याच्या ग्लासात काय दिसतं त्यावर. आज बघा आणि खाली लिहा. झाकणाच्या रबराचा फोटो टाकलात तर फुगलंय की नाही ते मी लगेच सांगतो.